जिभेवरचा नकाशा आणि जिभेवरच्या चिरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिभेवर लाल चट्टा दिसतो, दोन दिवसांनी तो भलतीकडेच असतो, आणि मधल्या काळात माणसाने मोबाईलवर इतकं काही वाचलेलं असतं की रात्रीची झोप उडते. तोंडाच्या आजारांच्या ओपीडीत अशी माणसं आम्हा दंतवैद्यांकडे सतत येतात. त्यातल्या बहुतेकांना औषध लागत नाही, कुणीतरी नीट बघून दिलेलं उत्तर लागतं. याउलट ज्यांनी लवकर यायला हवं होतं, ते "तोंड आलंय, जाईल आपोआप" म्हणत तीन-चार महिने काढून येतात. पुढचे प्रश्न या दोन्ही मंडळींनी विचारलेले आहेत.

जिओग्राफिक टंग म्हणजे नेमकं काय होतं?

जिभेच्या वरच्या बाजूला अगदी बारीक, केसासारखी टोकं दाटीवाटीने उभी असतात, गालिच्याला लव असते तशी. या टोकांना चव कळत नाही. जीभ खरखरीत राहावी, घास धरता यावा, एवढंच त्यांचं काम. निरोगी जीभ फिकट गुलाबी आणि थोडी पांढरट दिसते ती या लवेमुळे.

जिओग्राफिक टंगमध्ये, म्हणजे नकाशाच्या जिभेत, एखाद्या जागची लव झडते. खालचा पातळ थर उघडा पडतो आणि तेवढा भाग लाल, गुळगुळीत दिसतो. चट्ट्याच्या कडेला मात्र दाहाच्या पेशी वरच्या थरात जमतात, त्यामुळे तिथे पांढरट किंवा पिवळसर, किंचित उठावाची नागमोडी रेघ तयार होते. मग मधल्या भागात लव पुन्हा उगवायला लागते आणि कडेची झड पुढे सरकते. म्हणून चट्टा चालत गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात एकीकडे जुनं भरून येत असतं आणि दुसरीकडे नवं उघडं पडत असतं.

वैद्यकीय कागदावर याला बिनाइन मायग्रेटरी ग्लॉसायटिस म्हणतात. साधारण शंभर माणसांत एक ते तिघांना हे असतं. त्यातल्या कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो, कारण काही दुखत नाही. दाताच्या कामासाठी आलेल्या माणसाला आम्हीच पहिल्यांदा सांगतो, आणि मग तो घाबरतो.

माझ्या जिभेवर तेच आहे हे कशावरून ओळखायचं?

चट्ट्याची कड बघा. लाल भागाभोवती पूर्ण किंवा अर्धवट अशी पांढरट रेघ असेल, तर ती या प्रकाराची सगळ्यात बोलकी खूण. लाल भागात नीट निरखलं तर आणखी लाल असे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसतात. ते चव ओळखणारे दाणे. लव झडली तरी ते जागच्या जागी असतात. हात लावून बघितलं तर तो भाग बाकी जिभेइतकाच मऊ लागतो.

पण या सगळ्यांपेक्षा जास्त भरवशाची गोष्ट म्हणजे त्याचं वागणं. हे चट्टे जागा बदलतात, आकार बदलतात, काही दिवस ते दोन-तीन आठवड्यांत नाहीसे होतात, आणि काही महिन्यांनी पुन्हा उगवतात. बहुधा ते जिभेच्या टोकाला, कडांना आणि वरच्या पुढच्या भागात असतात. क्वचित जिभेखाली, गालाच्या आत किंवा ओठाच्या आतल्या बाजूलाही तसेच चट्टे येतात. तेही निरुपद्रवीच, पण तिथले चट्टे बघायची सवय सगळ्यांना नसते, म्हणून एकदा दाखवून घेतलेले बरे.

एक अपवाद आधीच सांगते. एखादा चट्टा याच प्रकारातला असूनही तीन-चार आठवडे एका जागी बसून राहू शकतो. म्हणजे "हलला नाही" याचा अर्थ "कॅन्सर आहे" असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की आता कुणीतरी बोटाने चाचपून, उजेडात बघायला हवं.

हलतोय की नाही हे रोज आरशात बघून कळेल का?

नाही कळणार. रोज बघणाऱ्याला आज कालच्यासारखंच दिसतं, आणि काळजी जास्त असेल तर रोज वाढलेलंच दिसतं. फोटो काढा, पण नीट काढा.

सकाळी ब्रश करण्याआधी, काही खाल्ल्या-प्यायल्याआधी काढा. चहाने, हळदीच्या भाजीने, पानाने जिभेचा रंग बदलतो आणि मग दोन फोटो जुळवता येत नाहीत. खिडकीच्या उजेडात तोंड करून उभे राहा. मोबाईलचा फ्लॅश ओल्या जिभेवर चकाकतो आणि नेमका चट्टाच पांढरा पडतो, म्हणून तो बंद ठेवा. जीभ ताणून बाहेर काढू नका, सैल सोडा. ताणल्यावर टोक लाल होतं आणि मधली रेघ खोल दिसते. एक फोटो समोरून, मग स्वच्छ रुमालाने किंवा गॉजने जिभेचं टोक धरून ती हलकेच डावीकडे ओढून उजव्या कडेचा, आणि तसाच दुसऱ्या बाजूचा. कडांचे फोटो सगळे विसरतात, आणि बघायची गरज तिथेच सर्वांत जास्त असते.

असे फोटो दर चार-पाच दिवसांनी, दोन आठवडे काढले की पुरे. तारखेसकट शेजारी-शेजारी ठेवले की उत्तर बहुधा स्वतःलाच दिसतं.

अंगातली उष्णता वाढल्यामुळे होतं का? पोट साफ नसल्यामुळे? जंतांमुळे?

घरातल्या मोठ्या माणसांकडून ही तिन्ही कारणं ऐकायला मिळतात आणि त्यावर सब्जा, गुलकंद, एरंडेल, जंताचं औषध असे उपाय होतात. चट्टा आठ-दहा दिवसांत आपोआप जाणारच असतो, त्यामुळे श्रेय त्या आठवड्यात जे घेतलं त्याला मिळतं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची कीर्तीही बरीचशी अशीच झाली आहे.

नक्की कारण एकच असं सापडलेलं नाही. घराण्यात असण्याकडे कल आहे. आईला किंवा वडिलांना असेल तर मुलात दिसतं. सोरायसिसशी नातं आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. ताण, जागरण, आजारपण अशा काळात चट्टे जास्त येतात असं बरेच जण सांगतात. जंतू किंवा बुरशी हे कारण नाही. म्हणून हा प्रकार उष्ट्याने, चमच्याने, चुंबनाने लागत नाही, आणि त्यावर अँटिबायोटिक घेण्यात अर्थ नाही.

माझ्या मुलाच्या जिभेवर हे चट्टे वारंवार येतात. बालरोगतज्ज्ञांनी बुरशीची जेल दिली, फरक पडला नाही. आता?

लहान मुलांत हे बऱ्यापैकी दिसतं. वर्षभराच्या बाळातही दिसतं आणि आईच्या जिवाला घोर लागतो. बुरशीशी गल्लत होते ती त्या पांढऱ्या रेघेमुळे. फरक असा की बुरशीचा पांढरा थर ओल्या गॉजने हलकेच पुसला तर दह्याच्या सायीसारखा निघतो आणि खाली लाल जागा दिसते. नकाशाची पांढरी कड पुसून जात नाही, आणि त्यात लाल भाग पांढऱ्याच्या खाली नसतो, शेजारी असतो.

मूल खात-पीत असेल, वजन वाढत असेल, ताप नसेल तर काहीही करायची गरज नाही. टोमॅटो, अननस, संत्रं, चिंचेच्या गोळ्या असं खाल्ल्यावर मूल जीभ चोळत असेल तर चट्टे असतील तेवढे दिवस ते टाळा. कोणतीही झोंबणारी जेल, ग्लिसरीनमध्ये कालवलेली औषधं, जांभळं औषध लावू नका. मुलांना दातांसाठी मिळणाऱ्या बधिर करणाऱ्या जेल तर अजिबात नको; त्या गिळल्या जातात आणि लहान बाळांत त्यांचे गंभीर परिणाम होऊ शकतात.

शाळेत मुलं चिडवतात असं एका आईने सांगितलं होतं. मुलाला ती जीभ दाखवून भाव खायची सवय लागली, आणि चिडवणं थांबलं.

खूप आग होते. तिखट तर तोंडात धरवत नाही. काय करू?

उघड्या पडलेल्या जागेला मिरची, मीठ, आंबट आणि गरम हे सगळं झोंबतं. ठेचा, तांबडा रस्सा, लिंबाचं लोणचं, पाणीपुरीचं पाणी ही नेहमीची मंडळी. चट्टा भरला की आग थांबते, म्हणजे हे पथ्य जन्मभराचं नाही.

टूथपेस्ट बदलून बघा. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट, दालचिनीचा किंवा कडक पुदिन्याचा स्वाद, दात पांढरे करणाऱ्या पेस्ट, यांनी काहींची आग वाढते. सौम्य, कमी फेसाची पेस्ट तीन-चार आठवडे वापरून फरक पडतो का ते पाहा. अल्कोहोल असलेलं माउथवॉश बंद करा. जिभेवर तांब्याची किंवा स्टीलची जिभळी घासून लाल भाग "साफ" करायचा प्रयत्न हमखास होतो. तोही बंद करा, कारण तिथे घाण नाहीच.

एवढ्याने भागलं नाही तर बेंझिडामाइनचं ०.१५ टक्क्यांचं माउथवॉश मोठ्या माणसांना उपयोगी पडतं. १५ मिली तोंडात घेऊन अर्धा मिनिट घोळवायचं आणि थुंकून टाकायचं. झोंबलं तर तेवढंच पाणी मिसळायचं. जेवणाआधी घेतलं की जेवण सुसह्य होतं. त्याहून जास्त त्रास असेल तर डॉक्टर स्टेरॉइडचं मलम, बहुधा ट्रायमसिनोलोन ०.१ टक्के, थोड्या दिवसांसाठी देतात. हे दुकानातून स्वतः आणून महिनोन्महिने लावू नका. स्टेरॉइडने तोंडात बुरशी वाढू शकते, आणि दुसरंच काही असेल तर ते झाकलं जातं. निदान चुकलेला चट्टा अशा मलमाखाली चार महिने लपलेला मी पाहिलेला आहे.

कायमचं बरं होतं का?

कायमचं घालवणारं औषध नाही. काहींचं वर्षानुवर्षं येत-जात राहतं, काहींचं आपोआप थांबतं. यातून कॅन्सर होत नाही.

नेटवर वाचलं की याचा सोरायसिसशी संबंध आहे. मला सोरायसिस होणार का?

संबंध आहे, पण त्याची दिशा नीट समजून घ्या. सोरायसिस असलेल्या माणसांत जिओग्राफिक टंग इतरांपेक्षा जास्त सापडतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जागचं चित्रही बरंच सारखं दिसतं, आणि आनुवंशिकतेचे काही धागे समान आहेत. पण उलट बाजूने पाहिलं तर नकाशाची जीभ असलेल्या बहुतेक माणसांना सोरायसिस कधीच होत नाही.

म्हणून मी एवढंच विचारते: कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्याच्या केसांत कोंड्यासारखे जाड खवले आहेत का? नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का? सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडतात का? घरात कुणाला सोरायसिस आहे का? यापैकी काही असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे. नसेल तर विषय संपला.

माझ्या जिभेवर मध्ये खोल चीर आहे आणि तिला फांद्या फुटल्यात. जीभ फाटली आहे का?

फाटलेली नाही. ही फिशर्ड टंग, म्हणजे जिभेची ठेवणच तशी. काहींना मधोमध एकच लांब रेघ असते, काहींना तिच्यापासून दोन्ही बाजूंना पानाच्या शिरांसारख्या चिरा गेलेल्या असतात, काहींच्या सगळ्या जिभेवर जाळं असतं. चिरा दोन-तीन मिलिमीटर, क्वचित त्याहून खोल असतात. वय वाढेल तशा त्या ठळक होत जातात, त्यामुळे पन्नाशीनंतर "हे अचानक कुठून आलं" असं वाटतं.

खरी फाट आणि ही चीर यांत फरक सोपा आहे. दोन बोटांनी चीर हलकेच उघडून बघा. आतलं अस्तर बाकी जिभेसारखंच अखंड दिसतं, रक्त नसतं, कच्चा भाग नसतो. एखाद्या चिरेच्या तळाशी कच्ची, दुखरी जागा असेल, कड टणक लागत असेल, किंवा एकच चीर नव्याने पडून खोल होत असेल, तर तिला ठेवण म्हणून सोडून देऊ नका.

चिरा आणि नकाशा एकाच जिभेवर असणं अगदी नेहमीचं आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत चिरांची जीभ बऱ्याचदा दिसते. पण नुसत्या चिरा बघून कुणी कसलं सिंड्रोम शोधत बसू नये.

चिरांमध्ये अन्न अडकतं, तोंडाला वास येतो. साफ कसं करायचं?

त्रास होतो तो याचाच. चिरेत अडकलेले कण कुजतात, वास येतो, कधी आग होते, आणि मधुमेह असेल किंवा तोंड कोरडं पडत असेल तर तिथे बुरशीही धरते.

दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, मऊ ब्रश ओला करून पेस्टशिवाय मागून पुढे चार-पाच वेळा हलका फिरवा. ब्रशची टोकं चिरेत उतरतील इतकाच दाब द्यायचा. धातूची जिभळी वरचेवर फिरते, चिरेच्या तळाला पोचत नाही, आणि जोर लावला तर कडा सोलते. जेवणानंतर साध्या पाण्याची खळखळून चूळ भरली तरी निम्मं काम होतं. चिरा भरून काढायची शस्त्रक्रिया, लेझर असलं काही करायचं नसतं. कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

चिरांच्या जिभेसोबत आणखी काही असेल तर काळजी करावी असं काही आहे का?

एक दुर्मिळ गोष्ट माहीत असावी. ओठ किंवा चेहरा पुन्हा पुन्हा सुजणं, आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, यांच्या जोडीला चिरांची जीभ असेल तर ते मेल्करसन-रोझेन्थाल सिंड्रोम असू शकतं. मेल्करसन यांनी १९२८ मध्ये सूज आणि लकव्याची जोडी मांडली, रोझेन्थाल यांनी १९३१ मध्ये त्यात जीभ जोडली. तिन्ही गोष्टी एकाच वेळी क्वचितच दिसतात. बहुधा ओठाची सूज आधी येते, जाते, पुन्हा येते, आणि लोक ती ॲलर्जी समजून गोळ्या घेत राहतात. असा इतिहास असेल तर डॉक्टरांना तिन्ही गोष्टी एकत्र सांगा. चेहरा अचानक वाकडा झाला तर मात्र जिभेचा विचार बाजूला ठेवून लगेच हॉस्पिटल गाठा, कारण तो मेंदूचा झटकाही असू शकतो.

जिभेच्या अगदी मागे मोठे मोठे दाणे दिसतायत. या गाठी आहेत का?

रात्री बारा वाजता टॉर्च घेऊन जीभ बघणाऱ्या प्रत्येकाला हे सापडतात. जिभेच्या मागे इंग्रजी व्ही अक्षरासारखे रांगेत आठ ते बारा मोठे दाणे असतात, ते प्रत्येकालाच असतात. मागच्या कडांना उभ्या घड्या असतात, त्याही जन्मजात. दोन्ही बाजूंना साधारण सारखं असेल तर ती शरीराची रचना आहे. एकाच बाजूला काही असेल, दुसरीकडे नसेल, तर दाखवा.

हे बी-१२ कमी असल्यामुळे तर नाही?

चट्टे फिरत असतील, दोन चट्ट्यांच्या मधल्या भागात लव नीट असेल, तर बहुधा नाही. बी-१२ किंवा लोह कमी असतं तेव्हा जीभ तुकड्यातुकड्याने बदलत नाही. सगळीकडची लव हळूहळू झिजते, आणि जीभ सरसकट गुळगुळीत होते, कधी मांसासारखी लाल, कधी फिकट. पांढरी नागमोडी कड नसते आणि चट्टा हलत नाही, कारण मुळात चट्टाच नसतो.

तळपायांना मुंग्या, दम लागणं, थकवा, ओठांचे कोपरे चिरणं हे सोबत असेल तर रक्त तपासा: सीबीसी, बी-१२ आणि फेरिटिन. पूर्ण शाकाहारी माणसं आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारी माणसं यांच्यात ही कमतरता जास्त सापडते. तपासणीआधीच बी-१२ची इंजेक्शनं घेऊ नका. मग रक्ताचा आकडा काहीच सांगत नाही.

मग नेमकं काय दिसलं की दाखवायलाच हवं?

जागा न सोडणारी कोणतीही गोष्ट. कारण दूर केल्यावरही दोन आठवड्यांत न भरलेली जखम, लाल मखमली चट्टा, पांढरा चट्टा जो गॉजने पुसून जात नाही, किंवा लाल-पांढरा मिसळलेला चट्टा. यात लाल मखमली चट्टा सगळ्यात फसवा, कारण तो दुखत नाही आणि त्याला नकाशासारखी पांढरी कडही नसते.

बोटाला काय लागतं तेही तितकंच महत्त्वाचं. नकाशाचा चट्टा मऊ असतो. खाली टणक ताटली असल्यासारखं लागलं, कड उचललेली असली, हात लावताच रक्त येत असलं, तर दोन आठवडेही थांबू नका. तसंच जिभेचा तो भाग बधिर होणं, जीभ पूर्वीइतकी बाहेर न येणं, गिळताना दुखणं, कानात काही नसताना एकाच कानात ठणका, मानेत न दुखणारी गाठ. लोक दुखतं तेव्हा येतात. पण सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखत नाही.

जागाही बघा. जिभेचा कॅन्सर बहुतेक वेळा कडेला, मागच्या दाढांसमोर किंवा जिभेखाली असतो, वरच्या मधल्या भागात क्वचित. तंबाखू-चुना, गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा, मिश्री, बिडी, सुपारी, दारू यांपैकी काही असेल तर निकष आणखी कडक लावायचे. आणि सुपारी खाणाऱ्या माणसाला तिखट झोंबतंय, तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, तीन बोटं उभी आत जात नाहीत, गाल आतून पांढरट आणि ताठर लागतात, तर तो नकाशा नाही. तो सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे सुपारीने तोंडाचं आतलं अस्तर ताठर होत जाण्याचा आजार असू शकतो, आणि त्याला आग होण्यावरचं माउथवॉश हे उत्तर नाही.

मला लहानपणापासून नकाशाची जीभ आहे. नवीन चट्टाही तोच असणार ना?

असेल, पण गृहीत धरू नका. एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

बावन्न वर्षांच्या एक बाई. जिभेवर चट्टे लहानपणापासून, आईलाही होते. लग्नानंतर दिवसातून दोनदा मिश्री. तिखट झोंबतंय म्हणून आल्या, सोबत मुलीने सोळा दिवसांत काढलेले चार फोटो होते. पहिल्या फोटोत टोकाजवळ उजवीकडे साधारण एक सेंटिमीटरचा लाल चट्टा, भोवती स्पष्ट पांढरी रेघ. दुसऱ्या फोटोत तो मधल्या भागाकडे सरकलेला. तिसऱ्यात त्याची निम्मी जागा भरलेली आणि मागे एक नवा. चौथ्यात टोक पूर्ण साफ. हे सरळ सरळ नकाशाचं वागणं.

मात्र चारही फोटोंत डाव्या कडेला, खालच्या पहिल्या दाढेसमोर, सात-आठ मिलिमीटरचा लाल-पांढरा चट्टा त्याच जागी, त्याच आकारात होता. मायलेकी दोघींनीही तो "त्यातलाच एक" म्हणून धरला होता. गॉजने पुसला, गेला नाही. पांढरी कड नव्हती. बोटाला मऊच लागला, मानेत गाठ नव्हती. समोरच्या दाढेचा एक कोपरा तुटून धारदार झाला होता. म्हणजे दाताच्या घासण्याने झालेली साधी इजा असणंही शक्य होतं.

अशा वेळी आधी कारण काढतात. दाढेची धार घासून गुळगुळीत केली, मिश्री बंद करायला सांगितलं आणि दोन आठवड्यांची तारीख दिली. दाताची इजा असती तर एवढ्यात भरली असती, निदान लहान तरी झाली असती. ती जशीच्या तशी होती. मग बायोप्सी केली. रिपोर्ट मध्यम स्वरूपाच्या डिसप्लेझियाचा आला, म्हणजे कॅन्सर नाही, पण पेशी बदलायला लागल्या आहेत. शल्यविशारदांनी तेवढा भाग काढला, आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. टोकावरचा नकाशा अजून येतो-जातो आणि त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

टोकावरचा चट्टा झोंबला म्हणून त्या आल्या होत्या. कडेचा चट्टा त्यांना कधी दुखलाच नव्हता.

बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो म्हणतात.

"सुरी लागली की पसरतं" हे वाक्य गावोगाव ऐकू येतं आणि त्यापायी लोक महिने घालवतात. तोंडातल्या चट्ट्याचा छोटा तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. हिरडीला देतात तसंच इंजेक्शन देऊन चट्ट्याच्या कडेसकट चार-पाच मिलिमीटरचा तुकडा घेतात, एक-दोन टाके पडतात, दहा-पंधरा मिनिटांत होतं. चार-पाच दिवस मऊ, कोमट जेवण. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

नकाशाच्या चट्ट्याची बायोप्सी सहसा करत नाहीत. बघून आणि वागण्यावरून निदान पक्कं होतं. डॉक्टरांनी त्याची बायोप्सी सुचवली तर "नेमकी शंका कशाची आहे" हे विचारा. चांगले डॉक्टर बोट ठेवून दाखवतील.

दाखवायचं तर कुणाकडे?

जवळच्या दंतवैद्याकडे. शंका राहिली तर ओरल मेडिसिन किंवा ओरल सर्जरीच्या तज्ज्ञांकडे, किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. सरकारी डेंटल कॉलेजांच्या ओपीडीत हा विभाग वेगळा असतो आणि खर्च नाममात्र असतो. तीस वर्षांवरच्या माणसांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य उपकेंद्रांतही करतात. गावातल्या आशाताईंना विचारलं की दिवस कळतो.

जाताना तारखेसकट फोटो, चालू गोळ्यांची यादी, आणि आतापर्यंत जिभेला जे जे लावलं त्या ट्यूब न्या. तंबाखूबद्दल खरं सांगा, घरची माणसं खोलीत असली तरी. ते अवघड वाटत असेल तर त्यांना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगा, आम्हाला त्याची सवय आहे. आणि डॉक्टरांनी जिभेच्या कडा गॉजने धरून बघितल्या नाहीत, मान चाचपली नाही, तर तसं करायला सांगायला संकोचू नका.